शोधखेळाची आखणी, भाग ४ : एक शब्द, तीन कुलुपे

शोधखेळातल्या सांकेतिक चिठ्ठ्या चढत्या अवघडपणाच्या करायच्या, तर प्रत्येक टप्प्यावर आधीच्या रीतीत एकच नवी गोष्ट मिसळावी. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी मालगुंडात असा माग आखताना तीन रीती पुरतात. तुलनेसाठी इथे तिन्हींत ‘पायरी’ हाच शब्द घेतला आहे.

पहिली रीत व्यंजन सरकवण्याची. वर्णमालेतले पुढचे व्यंजन घ्यायचे, काना-मात्रा तशाच ठेवायच्या. ‘पायरी’चे ‘फारली’ होते. मराठीत ही रीत फार सोपी ठरते, कारण मात्रा उघड्याच राहतात आणि शब्दाचा आकार ओळखू येतो. म्हणून ती पहिल्या चिठ्ठीलाच शोभते.

मात्राही लपवायच्या तर अंकपल्लवी हवी. तिच्यात दर अक्षराला तीन अंक असतात : वर्ग, वर्गातले स्थान आणि बाराखडीतले स्थान. स्वरांचा वर्ग १, क-वर्ग २, याप्रमाणे प-वर्ग ६, य-र-ल-व ७ आणि श-ष-स-ह-ळ ८. ‘पा’ म्हणजे सहाव्या वर्गातले पहिले अक्षर, बाराखडीतले दुसरे रूप, म्हणून ६१२. ‘य’ ७११, ‘री’ ७२४. हा तक्ता मुलांना चिठ्ठीसोबत द्यावा. मात्र शब्द निवडताना जपावे लागते. खुद्द ‘मालगुंड’ या रीतीत बसत नाही, कारण ‘गुं’वर उकार आणि अनुस्वार दोन्ही आहेत. जोडाक्षरांची अडचणही तीच, आणि बाराखडीतली शेवटची तीन रूपे दोन अंकी होतात. असे शब्द टाळलेले बरे.

तिसऱ्या टप्प्यावर किल्ली येते, आणि मालगुंडात ती शोधायला लांब जावे लागत नाही. केशवसुतांचा जन्म याच गावात १८६६ साली झाला, त्यांचे स्मारकही इथेच आहे. चिठ्ठीवर ‘कवीचे जन्मवर्ष’ एवढीच खूण द्यावी. १, ८, ६, ६ हे अंक ओळीने, पुन्हा पुन्हा, ६१२ ७११ ७२४ मध्ये मिळवायचे आणि हातचा सोडून द्यायचा. उत्तर येते ७९८ ३२९ ३८५. उलगडताना तेच अंक वजा करायचे. वजा होत नसेल तिथे आधी दहा मिळवायचे.

या रीतीची खरी खुबी चुकीच्या वाटेवर दिसते. किल्ली न लावता वाचू गेल्यास ७९८ मध्येच अडते, कारण सातव्या वर्गात नववे अक्षर नाही. काहीतरी राहिले, हे मुलांना तिथेच कळते. एखादा आकडा लिहायचा राहिला तर मात्र पुढची सगळी वजाबाकी बिघडते. म्हणून अंक तीन-तीनच्या गटांत सुटे लिहावेत आणि मांडणाऱ्याने प्रत्येक चिठ्ठी स्वतः उलगडून पाहावी. त्यानंतर उत्तर माहीत नसलेल्या एखाद्या मुलाला ती सोडवायला द्यावी. त्याला तक्ता पुन्हा समजावून सांगावा लागला, तर ती चिठ्ठी बदलावी.