कढईवरचं झाकण

तळणाच्या कढईतलं तेल पेटलं, तर गॅस बंद करून वर घट्ट बसणारं झाकण सरकवायचं. ज्वाळा काही क्षणांत दिसेनाशी होते. पण दोन मिनिटांनी झाकण उचललं, तर तेच तेल काडी न लावता पुन्हा भडकू शकतं.

जळायला तीन गोष्टी लागतात: जळणारा पदार्थ, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन. यालाच अग्नित्रिकोण म्हणतात. एक बाजू काढली की आग विझते. झाकणानं काढला तो फक्त ऑक्सिजन. तेल तसंच तापलेलं होतं, साधारण 350 अंशांच्या वर, म्हणजे हवा लागताच आपोआप पेटण्याइतकं. झाकण उचललं आणि गेलेली बाजू परत आली. म्हणून कढई पुरती निवेपर्यंत झाकण हलवायचं नाही.

कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक यंत्र असंच झाकण घालतं, फक्त ते वायूचं असतं. हवेपेक्षा जड असलेला हा वायू ज्वाळेभोवतीची हवा बाजूला सारतो. विजेच्या पॅनेलसाठी तो उत्तम, कारण त्यातून वीज वाहत नाही आणि मागे ओल राहत नाही. पण छोटं यंत्र दहा-पंधरा सेकंदांत रिकामं होतं आणि वायू पांगतो. कापसाच्या गाठीवर तो मारला, तर वरची ज्वाळा जाते, आतला निखारा धुमसत राहतो आणि थोड्या वेळानं धूर पुन्हा दिसू लागतो. शिवाय बंद खोलीत हा वायू माणसालाही गुदमरवतो. वापरून झाला की लगेच बाहेर पडावं.

अशा गाठीला पाणीच हवं. ते उष्णतेची बाजू काढतं. साधं पाणी उकळीला येईपर्यंत जेवढी उष्णता घेतं, तिच्या सहापट-सातपट उष्णता त्याची वाफ होताना खेचली जाते. मात्र गाठ फोडून पाणी आतपर्यंत पोचवावं लागतं. आणि हेच पाणी पेटत्या कढईत ओतणं जिवावर बेततं. ते तेलाखाली जातं, तिथे एका लिटरची सुमारे 1700 लिटर वाफ होते आणि जळतं तेल स्वयंपाकघरभर उडतं.

गॅरेजमध्ये सांडलेलं पेट्रोल पेटलं, तर? पाण्यावर ते तरंगतं आणि आग पसरत जाते. थंड करूनही फारसं साधत नाही, कारण पेट घेण्याजोगी वाफ ते उणे 40 अंशांच्या आसपासही सोडतं. इथे फेस लागतो. तो पेट्रोलवर साय धरल्यासारखा पसरतो, वरून हवा अडवतो, खालून वाफ दाबतो, आणि वायूसारखा उडून जात नाही. पण ही साय अखंड राहायला हवी. म्हणून फवारा थेट पेट्रोलमध्ये घुसवत नाहीत. मागच्या भिंतीवर मारून फेस हलकेच खाली ओघळू देतात. त्यानंतर त्यात पाय टाकायचा नाही, कारण साय फाटली की तिथूनच ज्वाळा परत येते. फेसात पाणीच जास्त असतं, त्यामुळे चालू विजेवर तो मारू नये.