ग्रॅममागे किती एमएएच?

लिथियम फेरस फॉस्फेट (LiFePO₄) ही करड्या-काळ्या रंगाची भुकटी ई-रिक्षा, बस आणि घरगुती इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांमध्ये कॅथोड म्हणून वापरली जाते. तिच्या एका ग्रॅममध्ये जास्तीत जास्त १७० मिलिअँपिअर-तास, म्हणजे १७० एमएएच एवढा विद्युतप्रभार साठतो. हा आकडा प्रयोगशाळेत मोजून काढलेला नाही. सूत्रातल्या अणूंची वजनं आणि एक भागाकार एवढ्या बळावर तो कागदावर निघतो, आणि बॅटरी बनवायच्या आधीच काढता येतो.

बॅटरी चार्ज होताना कॅथोडच्या स्फटिकातून लिथियमचा आयन बाहेर पडतो आणि त्याच वेळी एक इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून निघून जातो. डिस्चार्जच्या वेळी दोघे परत येतात आणि आयन स्फटिकातल्या आपल्या रिकाम्या जागेत पुन्हा शिरतो. सांगाडा न मोडता होणाऱ्या या ये-जा करण्याला इंटरकॅलेशन म्हणतात. हिशेबाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की एका लिथियममागे बरोबर एक इलेक्ट्रॉन जातो, कमी नाही की जास्त नाही. त्यामुळे किती लिथियम हलू शकतो हे कळलं की किती वीज मिळणार हेही कळतं.

इलेक्ट्रॉन एकेक करून मोजणं शक्य नसल्याने रसायनशास्त्रज्ञ ते मोलने मोजतात. डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे ६.०२२ × १०²³. एक मोल इलेक्ट्रॉनांचा एकूण प्रभार ९६,४८५ कूलॉम असतो. यालाच फॅरडे स्थिरांक म्हणतात. एक अँपिअरचा प्रवाह तासभर चालला तर ३,६०० कूलॉम वाहून जातात. म्हणून ९६,४८५ ला ३,६०० ने भागलं की २६.८०१ अँपिअर-तास येतात, म्हणजेच २६,८०१ एमएएच. जगातल्या कोणत्याही पदार्थाचा एक मोल इलेक्ट्रॉन हलला की एवढाच प्रभार हलतो. पदार्थागणिक फरक पडतो तो त्या एका मोलसाठी किती ग्रॅम माल वाहावा लागतो यात.

क्षमता = २६,८०१ × n ÷ M

यातला M म्हणजे एका सूत्र-एककाचं मोलर वस्तुमान ग्रॅममध्ये, आणि n म्हणजे त्या एककामागे हलणारे इलेक्ट्रॉन. उत्तर एमएएच प्रति ग्रॅम येतं. LiFePO₄ मध्ये लिथियम ६.९४, लोखंड ५५.८५, फॉस्फरस ३०.९७ आणि ऑक्सिजनचे चार अणू मिळून ६४.००, बेरीज १५७.७६. सूत्रात लिथियम एकच आहे आणि तो गेला की लोखंड Fe²⁺ चं Fe³⁺ होतं, म्हणून n एक. २६,८०१ ला १५७.७६ ने भागलं की १६९.९. ठोकळ मानाने १७०.

बेरजेकडे पुन्हा पाहिलं तर एक गोष्ट दिसते. प्रभार नेण्याचं काम लिथियम करतो आणि त्याचं वजन एकूण वजनाच्या साडेचार टक्केही भरत नाही. बाकीचं सगळं वजन त्याला राहायला दिलेल्या घराचं आहे. ते अनाठायी मात्र नाही: लोखंड इलेक्ट्रॉन देतं-घेतं, आणि फॉस्फेटचा सांगाडा ऑक्सिजनला इतका घट्ट धरून ठेवतो की तापमान वाढलं तरी तो सहजी सुटत नाही.

सूत्रात खरी गोम n ची आहे. सूत्रात लिथियमचे जितके अणू, तितकाच n असतो असं नवशिक्या विद्यार्थी धरून चालतात, आणि चुकतात. लिथियम टायटनेटचं सूत्र Li₄Ti₅O₁₂, मोलर वस्तुमान ४५९.१. चार लिथियम पाहून n चार घेतला तर उत्तर २३४ येतं, आणि ते खोटं आहे. हा पदार्थ बॅटरीत ॲनोड म्हणून बसतो, आणि चार्ज होताना त्याच्यात आधीच असलेल्या चार लिथियममध्ये आणखी तीन येऊन मिळतात: Li₇Ti₅O₁₂ बनतं. हलतात ते तीन, म्हणून n तीन आणि क्षमता १७५. आधीपासून बसलेले चार लिथियम या व्यवहारात उतरतच नाहीत. थोडक्यात, n सूत्रातून वाचायचा नसतो. चार्जच्या आधीची आणि नंतरची अशी दोन्ही सूत्रं शेजारी ठेवून त्यांची वजाबाकी करायची असते.

लिथियम कोबाल्ट ऑक्साइडची (LiCoO₂) गोष्ट वेगळी आहे. सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या लिथियम-आयन बॅटरीत हाच कॅथोड होता. त्याचं मोलर वस्तुमान ९७.८७, n एक, उत्तर २७४. फॉस्फेटपेक्षा कितीतरी सरस. पण सगळा लिथियम काढून घेतला तर ऑक्साइडच्या थरांना धरून ठेवणारं काही उरत नाही, सांगाडा बदलतो आणि ऑक्सिजन सुटू लागतो. म्हणून चार्जिंग ४.२ व्होल्टला थांबवतात. तोवर जेमतेम निम्मा लिथियम निघालेला असतो. n अर्धा घेतला की २७४ चे १३७ होतात, आणि प्रत्यक्षात मिळतातही साधारण १४०. कागदावर मागे पडलेला फॉस्फेट वापरात पुढे जातो, कारण त्याचा लिथियम जवळजवळ सगळा काढता येतो.

फॉस्फेटलाही हे पहिल्या दिवसापासून जमलं नव्हतं. पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी टेक्सास विद्यापीठातून १९९७ मध्ये या पदार्थाची माहिती प्रसिद्ध केली तेव्हा त्यांना जेमतेम ०.६ लिथियम हलवता आला होता. १७० चे सहा दशांश म्हणजे १०२. स्फटिक वीज नीट वाहू देत नव्हता आणि कण मोठे असल्याने आतला लिथियम वेळेत बाहेर पोहोचत नव्हता. पुढे कण बारीक केले, त्यांच्यावर कार्बनचा पातळ थर चढवला, आणि मग आकडा १६० च्या वर गेला. M बदलला नाही, सूत्र बदललं नाही. बदलला तो हाती लागणारा n.

M च्या बाबतीत अडचण येते ती प्रघातामुळे. ग्राफाइटमध्ये सहा कार्बनमागे एक लिथियम शिरतो आणि LiC₆ बनतं. सहा कार्बनचं वजन ७२.०७, त्यावरून उत्तर ३७२. सगळीकडे हाच आकडा दिलेला असतो. पण त्यात लिथियमचं वजन धरलेलं नाही. ते धरलं तर ३३९ येतील. उलट LiFePO₄ च्या १७० मध्ये लिथियमचं वजन आहे. प्रघात असा की पदार्थ बाटलीतून जसा निघतो तसा तोलायचा: कॅथोड लिथियमसकट येतो, ग्राफाइट लिथियमविना. ग्राफाइटमध्ये या फरकाने फारसं बिघडत नाही. सिलिकॉनमध्ये मात्र बिघडतं. (सिलिकॉनमध्ये खरं तर लिथियम शिरत नाही, त्याचा मिश्रधातू बनतो, पण हिशेब तोच.) चार सिलिकॉनमागे पंधरा लिथियम, म्हणजे एका सिलिकॉनमागे पावणेचार. कोऱ्या सिलिकॉनच्या २८.०९ ग्रॅमवर हिशेब केला तर ३,५७८ एमएएच येतात. लिथियम भरून झाल्यावरचं वजन धरलं तर १,८५७. जाहिरातीत कोणता आकडा येतो हे सांगायला नको.

आता प्रत्यक्ष मोजणी. फॉस्फेटची भुकटी, वीज वाहून नेणारी कार्बनची काजळी आणि चिकटवणारा पॉलिमर ८०:१०:१० या वजनी प्रमाणात द्रावकात घोटून त्याचं रंगासारखं दाट मिश्रण करतात. ते ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर पसरवतात, वाळवतात आणि पंचाने बारा मिलिमीटर व्यासाच्या चकत्या पाडतात. अशी एक चकती तराज्यावर १२.६ मिलिग्रॅम भरली असं समजू. पंधरा मायक्रॉन जाडीच्या कोऱ्या पत्र्याची तेवढीच चकती ४.६ मिलिग्रॅम भरते. लेप उरला ८.० मिलिग्रॅम, आणि त्यातला ८० टक्के फॉस्फेट म्हणजे ६.४ मिलिग्रॅम. या चकतीकडून जास्तीत जास्त ६.४ × १७० ÷ १,००० = १.०९ एमएएच अपेक्षित. दहा तासांत चार्ज करायची तर प्रवाह ०.१०९ मिलिअँपिअर ठेवायचा.

डिस्चार्जमध्ये १.०० एमएएच मिळाले तर १.०० ला ०.००६४ ग्रॅमने भागून १५६ येतात. हे चांगलं उत्तर आहे. काजळी आणि पॉलिमर वजा करायला विसरलं की तीच चकती १२५ दाखवते. पत्राही वजा केला नाही तर ७९. तीनही आकडे त्याच चकतीचे, त्याच दिवशीचे. म्हणून कोणत्या वजनाने भागलं हे सांगितल्याशिवाय क्षमतेच्या आकड्याला अर्थ नसतो. तराजूची चूकही इथे महाग पडते. लेपाच्या आठ मिलिग्रॅममध्ये ०.१ मिलिग्रॅम इकडेतिकडे झाला तर उत्तर सव्वा टक्क्याने हलतं, आणि लेप निम्मा पातळ असला तर अडीच टक्क्यांनी.

कधीकधी उत्तर १७० च्या वर जातं, समजा १८५ येतं. एवढ्या फॉस्फेटमध्ये त्याहून जास्त लिथियम नाहीच, तेव्हा चूक कुठेतरी आहे हे नक्की. कुठे, ते चार्ज आणि डिस्चार्ज शेजारी ठेवून कळतं. दोन्ही सारख्याच प्रमाणात जास्त असतील तर बहुधा वजन कमी धरलं गेलं आहे. चार्ज १८५ आणि डिस्चार्ज १५८ असेल तर वजनाला दोष देता येत नाही. जादाची वीज इलेक्ट्रोलाइटचं विघटन होण्यात किंवा अशाच एखाद्या उपप्रक्रियेत गेली. व्होल्टेजच्या आलेखातही ते दिसतं: फॉस्फेटचा लिथियम ३.४ व्होल्टच्या आसपास सपाट पठारावर निघतो, आणि पठार संपून व्होल्टेज वर चढल्यावरही प्रवाह बराच वेळ चालू राहिला तर ती वीज लिथियमची नाही.

उत्तर फारच कमी, १२० वगैरे, आलं तर आधी प्रवाह दहापट कमी करून पाहतात. तेवढ्याने आकडा वर आला तर लिथियम शाबूत होता, फक्त धावायला वेळ मिळत नव्हता. तरीही आला नाही तर पदार्थाकडे पाहावं लागतं. या स्फटिकात लिथियम एकाच दिशेच्या अरुंद बोगद्यांतून जातो, आणि भट्टीत भाजताना लोखंडाचा एखादा अणू लिथियमच्या जागी जाऊन बसला तर तो बोगदा बुजतो. मागे अडकलेल्या लिथियमला कितीही सवड दिली तरी त्याला बाहेर पडणं अवघड जातं.

एका इलेक्ट्रोडचा आकडा आणि पूर्ण बॅटरीचा आकडा यांत अंतर असतंच. १७० चा कॅथोड आणि ३७२ चा ग्राफाइट जोडीने बसवले तर एकाच प्रभारासाठी दोघांचं वजन वाहावं लागतं, आणि दोन्ही मिळून ग्रॅममागे ११७ एमएएच उरतात: १७० आणि ३७२ चा गुणाकार भागिले त्यांची बेरीज. ३.२ व्होल्टने गुणलं की किलोमागे सुमारे ३७३ वॉट-तास होतात. मग त्यावर तांब्याचा आणि ॲल्युमिनियमचा पत्रा, इलेक्ट्रोलाइट, सेपरेटर आणि डबा यांचं वजन चढतं. पहिल्याच चार्जमध्ये ग्राफाइटवर बसणारा थर थोडा लिथियम कायमचा गिळून टाकतो. बाजारात मिळणारा सेल त्यामुळे या आकड्याच्या साधारण निम्म्याच्या आसपास येऊन थांबतो.