घामाचा डाग पुसू नका, उजळा

मे महिन्यातलं लग्न, आकाशी सुती शर्ट, आणि काखेखाली घामाची गडद चंद्रकोर. असा फोटो दुरुस्तीला आला की नवखा माणूस शेजारचं कोरडं कापड क्लोन स्टॅम्पने उचलून त्यावर डकवतो. डाग जातो, पण विणीच्या रेघा जुळत नाहीत. शिवाय काखेतल्या नैसर्गिक चुण्याही जातात आणि हात पुठ्ठ्यातून कापून लावल्यासारखा दिसतो.

खरं तर ओल्या जागी वीण शाबूत असते. तंतूंमधल्या हवेची जागा पाणी घेतं, प्रकाश बाहेर कमी विखुरतो आणि कापड गडद दिसतं, एवढंच. म्हणजे बदलायचा आहे तो उजेड.

फोटोशॉपमध्ये त्यासाठी कर्व्ह्‌जचा ॲडजस्टमेंट लेयर घ्यावा आणि ओला भाग कोरड्याइतका उजळ होईपर्यंत रेषेचा मध्य वर उचलावा. सगळाच शर्ट उजळतो, म्हणून मास्क Ctrl+I ने काळा करावा आणि १० टक्के फ्लोच्या पांढऱ्या ब्रशने फक्त डाग रंगवावा. कस कडेला लागतो. घामाची कड बहुधा रेखीव असते; ब्रश फार मऊ ठेवला तर डागाभोवती फिकट प्रभावळ उमटते, फार कडक ठेवला तर बाह्यरेषा उरते. ओल्या कापडाचा रंगही जरा गडद झालेला असतो, तो त्याच मास्कखाली सॅच्युरेशन थोडं उतरवून जुळवावा.

हळदीच्या फिकट डागाची गोष्ट उलटी. तिथे रंग बिघडलेला असतो. रिकाम्या लेयरचा ब्लेंड मोड Color करून शेजारच्या स्वच्छ कापडाचा रंग भरला की खालची वीण आणि सावल्या तशाच राहतात. डागाचा थर जाड असेल, विणीचा मागमूस नसेल, तरच क्लोन स्टॅम्प काढावा, तोही धाग्यांच्या दिशेने.

घडीची चूण म्हणजे शेजारी शेजारी एक काळी आणि एक उजळ पट्टी. एका कर्व्ह्‌जने काळी पट्टी उजळावी, दुसऱ्याने उजळ पट्टी दाबावी. फ्लो २-३ टक्के, हात सावकाश. ती निम्मी फिकट झाली की मी थांबतो. छातीवरची इस्त्रीची आडवी घडी आणखी मिटवायला हरकत नाही, पण कोपर, काख आणि कमरेच्या चुण्यांना हात लावू नये. कापडाखाली अंग आहे हे त्याच सांगतात.

मधूनमधून फोटो अंगठ्याएवढा लहान करून, रंग काढून पाहावा. शंभर टक्के झूमवर न दिसलेला सपाट ठिपका तेव्हा लगेच डोळ्यात येतो.

चौकड्याच्या शर्टावर मात्र हे सगळं अपुरं पडतं. खोल चुणीत चौकड्या वाकलेल्या असतात आणि उजेड सारखा केला तरी त्या सरळ होत नाहीत. तिथे चूण थोडी राहू द्यावी. ती पुरती गेली आणि चौकडी वाकडीच राहिली, तर शर्ट चुकीचा शिवलाय असं वाटतं.