मीटरभर वेल्डिंगला किती वीज लागते?

फॅब्रिकेशनच्या छोट्या शेडमध्ये कामाचा भाव सांगताना लोखंड किलोवर मोजलं जातं, रॉडचे पुडे मोजले जातात, वेल्डर आणि हेल्परची हजेरी धरली जाते. वीज मात्र महिन्याच्या शेवटी बिलातूनच कळते. त्यातलं किती बिल वेल्डिंगचं, किती ग्राइंडरचं आणि किती कॉम्प्रेसरचं, हे कोणी सांगू शकत नाही. खरं तर एक मीटर सांध्याला किती वीज जाते हे घरबसल्या काढता येतं, आणि तो आकडा हातात आला की खर्च नेमका कुठे वाढतो तेही दिसतं.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं काम उदाहरणाला घेऊ. 6 मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर अँगल उभा करून कोपऱ्यात 5 मिलिमीटरचा सांधा भरायचा आहे. रॉड 3.15 मिलिमीटरचा, म्हणजे दुकानात ज्याला दहा गेजचा म्हणतात तो. करंट 110 अँपिअर. अशा सांध्याच्या एका मीटरला साधारण 118 ग्रॅम धातू भरावा लागतो. एका रॉडमधून 17 ग्रॅमच्या आसपास धातू सांध्यात उतरतो, बाकीचा शिंतोड्यांत आणि टाकून दिलेल्या तुकड्यात जातो. म्हणजे मीटरभराला सात रॉड लागतात, आणि ते जळायला साडेसात मिनिटं.

ठिणगी चालू असताना होल्डर आणि लोखंडात सुमारे 24 व्होल्ट असतात. 110 गुणिले 24 म्हणजे 2,640 वॅट. साडेसात मिनिटं हा भार चालला की 0.33 युनिट होतं. धातू वितळवायला ठिणगीला मिळालेली वीज एवढीच. यात मशीन जुनं की नवं याचा संबंध नाही.

फरक पडतो तो मशीनच्या आत. जुना ट्रान्सफॉर्मर सेट घेतलेल्या विजेपैकी साधारण 60 टक्के ठिणगीला देतो, बाकीची वाइंडिंग आणि गाभा तापवण्यात जाते. म्हणून 0.33 साठी तो 0.55 युनिट ओढतो. इन्व्हर्टर 80 टक्क्यांच्या घरात काम करतो, त्याला 0.41 पुरतं.

पण मला यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो रिकामा वेळ. हाताने वेल्डिंग करणारा माणूस तासभर उभा असला तरी ठिणगी जेमतेम पंधरा मिनिटं चालते. रॉड बदलणं, चिपिंग करून स्लॅग काढणं, ब्रश मारणं, पुढचा अँगल गुण्यात बसवून टॅक करणं, यातच बाकीचा वेळ जातो. साडेसात मिनिटांच्या ठिणगीमागे साडेबावीस मिनिटं मशीन नुसतं गुणगुणत असतं. मोठ्या जुन्या सेटची ही रिकामी ओढ 400 वॅट असली तर तेवढ्या वेळात 0.15 युनिट जातं. इन्व्हर्टर 60 वॅटवर बसून राहतो, म्हणजे 0.02.

बेरीज अशी: जुन्या सेटवर मीटरला 0.70 युनिट, इन्व्हर्टरवर 0.43. स्थिर आकार आणि शुल्क धरून युनिट 9 रुपयांना पडत असेल, तर एकावर 6 रुपये 30 पैसे आणि दुसऱ्यावर 3 रुपये 90 पैसे. आपला दर काढायचा असेल तर बिलाच्या एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागायचं, नुसता छापील दर धरायचा नाही.

रिकामी ओढ तपासायला कसलंही उपकरण लागत नाही. शेडमधलं बाकी सगळं बंद करायचं, वेल्डिंग सेट चालू ठेवायचा आणि होल्डर लाकडावर ठेवून द्यायचा. विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार ते मीटरवरच छापलेलं असतं. समजा 3200 छापलंय. मग 400 वॅटची ओढ असली तर मिनिटाला एकवीस वेळा दिवा लागेल. 60 वॅटचा इन्व्हर्टर तीनदा लावेल. दुपारच्या जेवणाला सेट चालू राहतो का, हेही मग त्याच दिव्यावरून मोजावंसं वाटतं.

क्लॅम्प मीटर लावून मात्र इथे फसगत होते. दोन फेजवर, 415 व्होल्टवर चालणारा हाच सेट वेल्डिंग करताना 21 अँपिअर दाखवतो. दोन्हींचा गुणाकार केला की पावणेनऊ किलोवॅटच्या जवळ आकडा येतो आणि मालक घाबरतो. खरी ओढ त्याच्या निम्मी, साधारण 4.4 किलोवॅट असते, कारण अशा सेटचा पॉवर फॅक्टर 0.5 च्या आसपास असतो. उरलेला करंट तारांमधून नुसता ये-जा करतो. बिल केडब्ल्यूएच युनिटवर येत असेल तर त्याचे पैसे पडत नाहीत. आकारणी केव्हीएएचवर असेल तर मात्र तोच मीटरभर सांधा वेल्डिंगपुरताच 1.1 युनिट खातो, रिकामा वेळ वेगळा. म्हणून बिलावर कोणतं एकक छापलंय ते आधी पाहावं. ट्रान्सफॉर्मरला कपॅसिटर लावून हे सुधारतं. साध्या इन्व्हर्टरला लावून फारसं काही होत नाही, कारण तिथे दोष करंटच्या बिघडलेल्या आकाराचा असतो.

आता मशीन बदलावं का? आठ तासांत दोन तास ठिणगी चालली तर दिवसाला 16 मीटर सांधा होतो. मीटरमागे 0.27 युनिट वाचलं तर पंचवीस दिवसांत 108 युनिट, म्हणजे हजाराच्या आत-बाहेर रुपये. पंधरा हजारांचा इन्व्हर्टर सव्वा वर्षात फिटेल, पण तो ग्राइंडरपासून लांब ठेवला तरच. त्याचा पंखा लोखंडाची धूळ आत ओढतो, ती सर्किटवर बसते, आणि एकदा बोर्ड जळालं की वाचवलेली वीज दुरुस्तीत जाते.

मशीन तेच ठेवूनही खर्च दुप्पट होऊ शकतो, आणि बहुतेक शेडमध्ये तो होतो. 5 मिलिमीटरच्या जागी वेल्डर मजबुतीसाठी म्हणून 7 मिलिमीटरचा सांधा भरतो. बाजू दोन मिलिमीटरनेच वाढली, पण धातू बाजूच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: 25 च्या जागी 49. मीटरला सातऐवजी चौदा रॉड, साडेसातऐवजी पंधरा मिनिटांची ठिणगी, आणि जुन्या सेटवर 1.4 युनिट. मजबुती मात्र दुप्पट होत नाही. 6 मिलिमीटरच्या पत्र्याला एवढ्या सांध्याचा उपयोगही नाही, ताण आला तर आधी पत्राच जाईल. शिवाय जादा उष्णतेने तो वाकतो आणि सरळ करायला पुन्हा वेळ जातो.

माझ्या मते विजेच्या हिशोबात सगळ्यात मोठी गळती हीच आहे, कारण तिच्यासोबत रॉड आणि मजुरीही जाते. ती पकडायला रॉडचे उरलेले तुकडे पुरतात. दहा गेजच्या रॉडचा बोटभर, पन्नासेक मिलिमीटरचा तुकडा उरवून एक मीटर भरायला सांगावं आणि खाली पडलेले तुकडे मोजावेत. सात-आठ असतील तर सांधा मापात आहे. बारा-तेरा निघाले, तर वेल्ड गेज लावून बाजू मोजावी, आणि पुढच्या अँगलवर खडूने 5 लिहून द्यावं.