खात्यात बारा हजार आले होते, तरी दंड का कापला? सरासरी शिल्लकेचं गणित समजून घ्या

मे महिना म्हणजे गडचिरोली जिल्ह्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. धानोरा तालुक्यातल्या कितीतरी घरांसाठी वर्षातली मोठी रोख कमाई याच काही आठवड्यांत होते. पैसे आले की ते फार दिवस बँकेत राहत नाहीत, कारण लगेच पाऊस तोंडावर येतो. धानाचं बियाणं, खत, पोरांच्या शाळेचा खर्च समोर उभा असतो. त्यामुळे पैसे जमा झाले की दोन दिवसांत काढले जातात.

आणि मग पुढे कधीतरी पासबुक भरून आणल्यावर शंभर-सव्वाशे रुपये कापलेले दिसतात. कारण विचारलं तर उत्तर मिळतं, "मिनिमम बॅलन्स नव्हता." पण मे महिन्यात तर खात्यात बारा हजार होते! मग दंड कशाचा?

तर गडबड आहे ती 'सरासरी' या शब्दात.

बँक नेमकं काय मोजते?

खात्यात एकदा मोठी रक्कम आली किंवा महिनाअखेरीस पैसे भरले की काम झालं, असं अनेकांना वाटतं. पण बहुतेक बँका दर दिवसाच्या शेवटी खात्यात किती पैसे उरले ते पाहतात. महिन्याच्या सगळ्या दिवसांच्या या शिलकेची बेरीज करतात आणि तिला दिवसांच्या संख्येने भागतात. जे उत्तर येतं ती मासिक सरासरी शिल्लक. स्टेटमेंटवर ती MAB किंवा AMB अशी लिहिलेली असते. काही बँका हेच गणित तीन महिन्यांचं करतात, तिथे QAB असं दिसतं.

एक उदाहरण घेऊ. समजा एका खासगी बँकेच्या ग्रामीण शाखेत खातं आहे. सरासरी शिल्लक 2,500 रुपये हवी आणि जितकी रक्कम कमी पडेल तिच्या 6 टक्के दंड, असा नियम आहे.

1 ते 17 मे खात्यात फक्त 200 रुपये होते. 17 दिवसांचे झाले 3,400. 18 तारखेला 12,000 जमा झाले. 18 आणि 19 या दोन दिवशी शिल्लक 12,200 होती, म्हणजे बेरजेत 24,400 आले. 20 तारखेला 11,800 काढले. उरलेले 12 दिवस खात्यात 400 रुपये होते, त्याचे 4,800.

एकूण बेरीज 32,600. भागिले 31 दिवस. सरासरी आली साधारण 1,052 रुपये.

हवे होते 2,500, कमी पडले 1,448. त्याचे 6 टक्के म्हणजे सुमारे 87 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की कापले जातात जवळपास 103 रुपये.

आता हेच पैसे 20 ऐवजी 24 तारखेला काढले असते तर? 12,200 रुपये दोनऐवजी सहा दिवस खात्यात राहिले असते. बेरीज 79,800 झाली असती आणि सरासरी 2,574. दंड शून्य. फक्त चार दिवसांचा फरक.

याउलट 31 तारखेला घाईघाईत 2,500 रुपये भरून काही उपयोग होत नाही. एका दिवसाचे 2,500 भागिले 31 म्हणजे सरासरी फक्त 81 रुपयांनी वाढते. आणि सकाळी आलेले पैसे संध्याकाळपर्यंत काढले तर ते हिशोबात येतच नाहीत, कारण मोजली जाते ती दिवसाअखेरची शिल्लक.

तुम्ही कुठे राहता हे नाही, खातं कुठल्या शाखेत आहे ते महत्त्वाचं

किमान शिलकेची रक्कम शाखेच्या गावावर ठरते. जनगणनेनुसार 10 हजारांपेक्षा कमी लोकसंख्येचं गाव ग्रामीण, 1 लाखापर्यंत निमशहरी, 10 लाखांपर्यंत शहरी आणि त्यापुढे महानगर. म्हणजे गडचिरोली शहर निमशहरी, चंद्रपूर शहरी आणि नागपूर महानगर.

धानोऱ्याचा एखादा पोरगा नागपूरला कामाला गेला, तिथे कंपनीने पगाराचं खातं उघडून दिलं. पगार येतो तोवर शिलकेची अट नसते. नोकरी सोडून तो गावी परतला आणि काही महिने पगार जमा झाला नाही की बँक ते खातं साध्या बचत खात्यात बदलते. आता अट लागू होते, तीही नागपूरची. आयसीआयसीआय बँकेने ऑगस्ट 2025 मध्ये नव्या खात्यांसाठी ग्रामीण शाखेत 2,500, तर महानगरात 15,000 रुपये सरासरी ठेवली, यावरून फरक किती मोठा असतो ते कळतं.

दंड लावायचे नियम काय?

किमान शिल्लक किती असावी हे रिझर्व्ह बँक ठरवत नाही, ते बँकांवर सोडलंय. पण दंड कसा लावायचा याचे नियम 1 एप्रिल 2015 पासून लागू आहेत. शिल्लक कमी पडली की बँकेने एसएमएस, ईमेल किंवा पत्राने ग्राहकाला कळवायचं. त्यानंतर एक महिन्यात शिल्लक भरून काढली नाही, तरच दंड. दंडही जेवढी रक्कम कमी पडली त्या प्रमाणातच हवा. आणि फक्त या दंडामुळे खातं शून्याखाली, म्हणजे उणे जाता कामा नये.

अडचण होते ती मोबाईल नंबरमुळे. सिम बदललं आणि बँकेत जुनाच नंबर राहिला, की सूचना भलत्याच माणसाला जाते आणि तो एक महिना हातचा निघून जातो.

मग सुटका कशी?

आधी आपल्या बँकेत अट आहे का ते पाहा. स्टेट बँकेने 2017 च्या एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत अशा दंडातून 1,771 कोटी रुपये वसूल केले होते. त्यावर मोठी ओरड झाली, आधी दंड कमी झाला आणि मार्च 2020 मध्ये स्टेट बँकेने सगळ्या बचत खात्यांवरची ही अटच काढली. 2025 मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा आणि इंडियन बँकेनेही बचत खात्यांवरचा दंड बंद केला. बडोदा बँकेची काही प्रीमियम खाती मात्र यातून वगळली आहेत.

अट असलेल्या बँकेत खातं असेल तर मूलभूत बचत खात्याचा पर्याय आहे. जनधन खातं याच प्रकारचं. त्यात एक रुपयाही ठेवायची सक्ती नाही. चालू खातं या प्रकारात बदलून द्या, असा लेखी अर्ज शाखेत करता येतो. मर्यादा दोन आहेत. पैसे काढण्याचे मोफत व्यवहार ठरावीक असतात, नियमाने महिन्याला किमान चार. आणि त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

सूचना न देताच दंड कापला असेल तर शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. अर्जासोबत दंडाची नोंद असलेलं पासबुकाचं पान आणि शाखेची पोच जोडायला विसरू नका.