सर्व्हरकडे जाणारी एकच वाट

सर्व्हरची देखभाल करणारे लोक बहुधा एसएसएच वापरून, म्हणजे 22 क्रमांकाच्या पोर्टवरून आत शिरतात. हे पोर्ट इंटरनेटवर उघडं राहिलं, की पासवर्ड अंदाजाने टाकून पाहणारे प्रोग्राम दिवसरात्र ते ठोठावत राहतात. लॉगमध्ये अपयशी लॉगिनच्या ओळींचा ढीग दिसतो. वीस सर्व्हर असतील, तर वीस दारं सांभाळावी लागतात.

बॅस्टियन होस्ट हा त्यावरचा उपाय. एकच यंत्र कडेकोट करायचं: पासवर्डने लॉगिन बंद, फक्त किल्ली-फाइल, इतर कोणतीही सेवा नाही. बाकीच्या सर्व्हरांच्या फायरवॉलमध्ये येणारं सगळं आधी बंद ठेवून फक्त त्याच पत्त्याला मुभा द्यायची. बॅस्टियनचा अंतर्गत पत्ता 10.0.1.5 असेल, तर:

```
sudo ufw allow from 10.0.1.5 to any port 22 proto tcp
```

मात्र आपली खाजगी किल्ली बॅस्टियनवर कधीही ठेवू नका. ते यंत्र फुटलं तर सगळंच गेलं. त्याऐवजी लॅपटॉपवरून असं जा:

```
ssh -J admin@bastion admin@10.0.2.20
```

इथे बॅस्टियन फक्त वाहतूक पुढे ढकलतो. किल्ली लॅपटॉपवरच राहते आणि मजकूर त्याला वाचता येत नाही.

बॅस्टियन बंद पडला तर तुम्हीही बाहेरच अडकाल, म्हणून क्लाउड कन्सोलची पर्यायी वाट आधीच तपासून ठेवा. आयपीव्ही6 वरचं पोर्टही बंद आहे ना, तेही बघा. तिथेच अनेकदा विसर पडतो. शेवटी मोबाइल हॉटस्पॉटवरून सर्व्हरच्या सार्वजनिक पत्त्यावर थेट जोडणी करून पाहा. लॉगिनची विचारणा झाली, तर नियम चुकला आहे.