लाल ओळीला लेखी उत्तर

रात्री नऊच्या सुमारास ग्रुपवर एक्सेलचा स्क्रीनशॉट येतो. वरच्या ओळी हिरव्या, खालच्या लाल, आणि लाल नावांना टॅग करून साहेबांचा प्रश्न: ‘लाज वाटते का? उद्याचं कमिटमेंट टाका.’ गृहकर्ज, विमा किंवा मायक्रोफायनान्स विकणाऱ्यांना हे सवयीचं झालं आहे. जून 2023 मध्ये एका खासगी बँकेच्या कोलकात्यातल्या अधिकाऱ्याचा व्हिडिओ पसरला. रोज 75 पॉलिसी का होत नाहीत, म्हणून तो ऑनलाइन मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर हाताखालच्यांवर ओरडत होता. बँकेने त्याला निलंबित केलं, पण रेकॉर्डिंग बाहेर आलं म्हणून.

यादीतला आकडा सहसा खोटा नसतो, अर्धा असतो. समजा, नाशिकच्या एका कर्ज-प्रतिनिधीचं महिन्याचं टार्गेट 60 लाख आहे. त्याने 72 लाखांच्या चार फाइली लॉगिन केल्या. 18 लाखांची एक वाटप झाली. दोन लीगलकडे अडकल्या, एक मूल्यांकनात. यादी फक्त वाटप मोजते, म्हणून तो 30 टक्क्यांवर, लाल. टार्गेटचा मेल 9 तारखेला आला, हेही त्या चौकटीत दिसत नाही.

घाबरून तो ग्रुपवर लिहितो, ‘सर, उद्या नक्की दोन.’ माझ्या मते सगळ्यात महाग पडतं ते हेच वाक्य. लीगलचा अहवाल त्याच्या हातात नाही. पण पुढे कामगिरीवरून नोटीस आली, तर ‘स्वतः कबूल करूनही केलं नाही’ हा पुरावा त्यानेच लिहून ठेवलेला असतो. ग्रुपवर ‘नोटेड सर, तपशील मेल करतो’ एवढंच पुरे. तिथे वाद घातला, तर विषय आकड्यांवरून उद्धटपणावर जातो.

मेल त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी, ऑफिसच्या पत्त्यावरून, साहेबांना जावा. प्रकार पुन्हा घडला, तर एचआरला सीसी. मजकूर कोरडा: ‘काल रात्री 9.10 वाजता ग्रुपवर माझ्या नावापुढे हे शब्द होते. माझी स्थिती अशी: लॉगिन 72 लाख, वाटप 18, तीन फाइली अमुक तारखेपासून प्रलंबित. माझा आढावा कृपया समोरासमोर घ्यावा.’ ‘छळ’, ‘अन्याय’ हे शब्द नकोत. साहेबांचे शब्द जसेच्या तसे अवतरणात टाकले की काम होतं. फोनवर झापलं असेल, तर ‘आजच्या बोलण्यानुसार’ म्हणून तेही मेलवर घ्यावं.

स्क्रीनशॉट लगेच घ्यावा, कारण संदेश सगळ्यांसाठी पुसता येतो. तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव दिसलं पाहिजे. मात्र ग्राहकांची नावं, फोन नंबर असलेली शीट स्वतःच्या जीमेलवर पाठवू नये. माहिती बाहेर नेली, हे कारण कंपनीला आयतंच मिळतं.

अशा मेलने यादी थांबेलच असं नाही, वेतनवाढही वाचेल असं नाही. पण सुधारणा-योजनेचं पत्र हातात पडेल, तेव्हा आधीच्या तारखेचा एक कागद आपल्या बाजूचा असतो.